नैरोबीच्या भागीदारांना बडोद्यात बोलावताना: एका निमंत्रणपत्राचे सहा आठवडे

मकरपुरा जीआयडीसीत आमचा व्हॉल्व बनवण्याचा छोटा कारखाना आहे. गेली पाच वर्षं नैरोबीतली एक कंपनी आमचा माल घेऊन पुढे विकते. इतकी वर्षं सगळं फोनवर आणि मेलवर चाललं होतं. यंदा 12 जानेवारीला तिथल्या संचालकांचा मेल आला की 600 नगांच्या ऑर्डरची चाचणी स्वतः समोर उभं राहून बघायची आहे, पुढच्या वर्षाच्या अटीही बसून ठरवायच्या आहेत, तर व्हिसासाठी निमंत्रणपत्र पाठवा. ते बडोद्यात पोचले 22 फेब्रुवारीला. मधल्या सहा आठवड्यांत जे शिकायला मिळालं ते तारखांसकट लिहितो आहे, कारण असं पत्र पहिल्यांदा लिहायला बसलं की नेमकं काय घालायचं हे सांगणारं आसपास कोणी नसतं.

मेल आला आणि लगेच उत्तरायण. 14 आणि 15, म्हणजे वासी उत्तरायण धरून दोन दिवस बडोद्यात कोणी फोन उचलत नाही, त्यामुळे काम खऱ्या अर्थाने 16 तारखेला सुरू झालं. पहिला प्रश्न तारखांचा होता. त्यांना मार्चचा पहिला आठवडा हवा होता. तेव्हा होळी आणि धुळवड येते, आमचे टेस्ट बेंचवरचे दोघंही गावी जातात. म्हणून 23 ते 26 फेब्रुवारी, सोमवार ते गुरुवार, असं ठरलं. पत्रात तारीख घालण्याआधी आपल्या कारखान्याचं कॅलेंडर बघून घ्यावं. अर्ज गेल्यावर तारखा हलवायच्या म्हणजे पत्र, हॉटेल आणि विमान तिन्ही हलवावं लागतं.

मग व्हिसा कोणता हे बघितलं. केनियाच्या पासपोर्टवर भारताचा ई-व्हिसा मिळतो, आणि मीटिंग, खरेदी-विक्री, माल तपासणी असल्या कामांसाठी त्यातला ई-बिझनेस व्हिसा लागतो. तो एक वर्षाचा असतो आणि त्यावर अनेकदा येता येतं. अर्ज येण्याच्या 120 दिवस आधीपासून करता येतो आणि किमान चार दिवस आधी करावाच लागतो. आमच्या हिशोबाने शेवटचा दिवस 18 फेब्रुवारी पडत होता. आम्ही 9 तारीख धरली, म्हणजे काही अडलं तर आठवडाभर हाताशी. हा आठवडा पुढे कामाला आला. ज्यांच्या देशाला ई-व्हिसा लागू नाही, किंवा ज्यांचे आईवडील वा आजी-आजोबा पाकिस्तानचे आहेत, त्यांना भारतीय दूतावासाकडून साधा व्हिसा घ्यावा लागतो. त्याचा वेळ फार वेगळा असतो, म्हणून ही चौकशी पहिल्याच फोनवर करावी. विचारायला अवघड वाटतं, पण अर्जातही हे विचारतातच.

पत्राचा पहिला मसुदा 19 जानेवारीला तयार झाला आणि त्यात चार चुका निघाल्या.

पहिली चूक नावाची. त्यांच्या मेलखाली आणि व्हिजिटिंग कार्डावर दोन शब्दांचं नाव आहे, आम्हीही इतकी वर्षं तेच वापरत आलो. पासपोर्टवर मात्र तीन शब्द आहेत आणि त्यांचा क्रमही वेगळा. कुठला शब्द आडनाव आणि कुठले शब्द नाव, हे ऐकीव माहितीवर ठरवायचं नाही. पासपोर्टच्या फोटो असलेल्या पानावर सगळ्यात खाली दोन ओळी छापलेल्या असतात, त्या यंत्राने वाचायच्या ओळी. त्यातली पहिली साधारण अशी दिसते:

```
P<KENSURNAME<<GIVENNAME<MIDDLENAME<<<<<<<<<<
```

देशाच्या तीन अक्षरांनंतर आडनाव येतं, मग दोन उलटे कोन, आणि त्यांच्यानंतर बाकीचं नाव, शब्दांमध्ये एकेक कोन. दोन कोनांच्या आधीचं सगळं आडनाव, मग ते एका शब्दाचं असो की दोन. ही ओळ बघितली आणि कळलं की आम्ही ज्याला आडनाव समजत होतो ते मधलं नाव होतं. अर्जात आडनावाचा रकाना वेगळा असल्याने ही चूक थेट व्हिसावर छापून आली असती, आणि मग विमानाच्या तिकिटाशी जुळली नसती.

पासपोर्ट क्रमांकही तिथूनच उतरवताना जपावं. दुसऱ्या ओळीतली पहिली नऊ स्थानं क्रमांकाची असतात आणि दहावा आकडा पडताळणीचा. तो क्रमांकाचा भाग नाही. घाईत तो धरून दहा अक्षरांचा क्रमांक पत्रात उतरतो. इंग्रजी ओ आणि शून्य यांचीही गल्लत होते. आम्ही त्यांच्याकडून त्या पानाचा स्कॅन मागवला, वरच्या भागात छापलेला क्रमांक आणि खालच्या ओळीतला क्रमांक दोघांनी मोठ्याने वाचून ताडून घेतला. जन्मतारीख, पासपोर्ट दिल्याची तारीख आणि मुदत संपण्याची तारीखही त्याच पानावरून घेतली. तारखेत महिना शब्दात लिहावा. 03/08 म्हणजे मार्च की ऑगस्ट हा वाद उगाच नको. पासपोर्टची मुदत आल्यानंतर किमान सहा महिने शिल्लक हवी आणि शिक्क्यांसाठी दोन पानं कोरी हवीत. त्यांच्याकडे दोन्ही होतं.

दुसरी चूक आमच्या स्वतःच्या पत्त्याची, आणि ही बडोदेकरांनी विशेष बघावी. आमच्या लेटरहेडवर अजून 'बरोडा' छापलेलं होतं आणि जीएसटी प्रमाणपत्रावर 'वडोदरा'. बोलताना बडोदा, बरोडा, वडोदरा सगळं चालतं. पण अर्जात भारतीय कंपनीचं नाव आणि पत्ता भरावा लागतो, आणि पत्र तपासणाऱ्याला दोन ठिकाणी दोन गावं दिसायला नकोत. आम्ही नवीन लेटरहेड टाइप केलं. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी कायद्याप्रमाणे लेटरहेडवर नाव, नोंदणीकृत पत्ता, सीआयएन म्हणजे कंपनीचा 21 अक्षरांचा नोंदणी क्रमांक, फोन आणि ईमेल असायलाच हवा. भागीदारी पेढीला सीआयएन नसतो, तिथे जीएसटी क्रमांक पुढे ठेवावा. गुजरातचा जीएसटी क्रमांक 24 ने सुरू होतो. आम्ही आयात-निर्यात कोडही घातला. तो कोणी मागितला नव्हता. पण परदेशी ग्राहकाला बोलावणारी कंपनी खरोखर निर्यात करते हे त्या एका ओळीतून दिसतं. कारखाना आणि नोंदणीकृत कार्यालय वेगळ्या ठिकाणी असेल तर दोन्ही पत्ते लिहून भेट नेमकी कुठे होणार तेही लिहावं.

तिसरी चूक मायन्याची. पत्र 'भारतीय दूतावास, नैरोबी' यांच्या नावे लिहिलं होतं. एक तर केनिया राष्ट्रकुलातला देश, त्यामुळे तिथे दूतावास नसून भारतीय उच्चायोग आहे. आणि दुसरं म्हणजे ई-व्हिसाचा अर्ज उच्चायोगाकडे जातच नाही. शेवटी पत्र थेट पाहुण्यांच्या नावे लिहिलं, खाली त्यांचं पद आणि कंपनीचा पत्ता, आणि विषयाच्या ओळीत 'भारताच्या ई-बिझनेस व्हिसासाठी निमंत्रण'.

चौथी चूक सगळ्यात महत्त्वाची, कारण ती हेतूच्या वाक्यात होती. मसुद्यात आमच्या सेल्सच्या मुलाने लिहिलं होतं की पाहुणे येऊन 'आमच्या टीमबरोबर चाचणीचं काम करतील आणि कामगारांना मार्गदर्शन करतील'. त्याच्या दृष्टीने हे सौजन्य होतं. कागदावर मात्र याचा अर्थ असा होतो की एक परदेशी माणूस भारतातल्या कारखान्यात काम करायला येतो आहे. तसं असेल तर एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो, आणि ई-बिझनेस व्हिसा आल्यानंतर त्यात बदलून मिळत नाही. बिझनेस व्हिसावर येणारा माणूस बोलणी करतो, माल बघतो, करार करतो; आपल्या पगारावर किंवा आपल्या यंत्रावर काम करत नाही. त्यामुळे 'काम', 'मदत', 'मार्गदर्शन', 'देखरेख' असले सैल शब्द काढून टाकले. नवीन वाक्य असं झालं: पाहुणे आमचे 2021 पासूनचे खरेदीदार असून, अमुक क्रमांकाच्या ऑर्डरमधल्या 600 व्हॉल्वची रवानगीपूर्व तपासणी पाहण्यासाठी आणि पुढील वर्षाच्या पुरवठ्याच्या अटींवर चर्चा करण्यासाठी येत आहेत, या भेटीत त्यांना भारतातून कोणतंही वेतन मिळणार नाही.

ऑर्डरचा क्रमांक घातला की हेतू पोकळ राहत नाही. 'व्यावसायिक संबंध दृढ करण्यासाठी' हे वाक्य अनेक नमुन्यांत असतं, पण त्यातून तपासणाऱ्याला काहीच कळत नाही. आणि अर्जात ई-बिझनेसखाली नेमका कोणता उपक्रम हे यादीतून निवडावं लागतं: मीटिंगला हजर राहणं, खरेदी-विक्री, प्रदर्शन, चालू प्रकल्पासाठी तज्ज्ञ, उद्योग सुरू करणं वगैरे. पत्रातलं वाक्य आणि ही निवड एकमेकांशी जुळली पाहिजे. आम्ही खरेदी-विक्री आणि व्यापार हा पर्याय धरला आणि पत्राची सुरुवातही 'खरेदीदार' या शब्दाने केली. त्यांना सोबत त्यांचा मेकॅनिक आणायचा होता, तो महिनाभर राहून आमच्याकडे दुरुस्ती शिकणार होता. तो विषय वेगळा काढला. एकाच पत्रात दोघांचे दोन हेतू घातले तर दोघांचंही पत्र कमजोर होतं.

मुक्कामाच्या तारखा लिहिताना थोडी सैल जागा ठेवली. कामाचे दिवस 23 ते 26 फेब्रुवारी असं स्पष्ट लिहिलं, आणि प्रवासाचा काळ 20 फेब्रुवारी ते 10 मार्च. विमान एखाद दिवस पुढेमागे झालं तर पत्र नवीन करावं लागू नये म्हणून. खर्चाची ओळही हवी. विमानाचं तिकीट त्यांचं, हॉटेल आणि गाडी आमची, असं आमच्यात ठरलं होतं, तेच लिहिलं. सगळा खर्च आम्ही करतो असं लिहायचा मोह होतो, पण पुढे विमानतळावर त्यांनी वेगळं सांगितलं तर ते खटकतं.

शेवटी सही करणाऱ्याचं पूर्ण नाव, पद, मोबाइल आणि ईमेल. इथे एक अडचण होती. सही साहेबांची, पण साहेब अनोळखी नंबर उचलत नाहीत. अर्जात भारतातला संपर्क म्हणून एक नाव, पत्ता आणि फोन द्यावा लागतो, आणि इमिग्रेशनवर शंका आली तर तिथे फोन येऊ शकतो. म्हणून पत्रात सहीखाली एक ओळ वाढवली, 'समन्वयासाठी संपर्क', आणि जो माणूस रविवारी रात्रीसुद्धा फोन उचलतो त्याचा नंबर दिला. अर्जातही तोच.

दरम्यान ओळखीच्या एका एजंटने सांगितलं की पत्र स्टॅम्प पेपरवर करून नोटरी करावं लागेल, तो सगळं करून देईल. ई-व्हिसाला याची गरज नाही. लेटरहेडवर टाइप केलेलं, सही-शिक्का मारलेलं एका पानाचं पत्र पुरतं. 27 जानेवारीला साहेबांची सही झाली, स्कॅन करून मेलने पाठवलं. कुरियरही केलं नाही. पत्रावर खर्च म्हणाल तर कागद आणि शाई.

स्कॅन मात्र पुन्हा करावा लागला. अर्जात कागदपत्रं पीडीएफमध्ये चढवायची असतात आणि एका फाइलची मर्यादा 10 ते 300 केबी असते. आमच्या रंगीत लेटरहेडचा स्कॅन सव्वा एमबी झाला होता. तिकडे ते तो ऑनलाइन लहान करायला गेले आणि शिक्का वाचता येईना. आम्ही इथूनच करड्या रंगात 150 डीपीआयवर पुन्हा स्कॅन केला, 210 केबी झाला आणि अक्षर स्वच्छ राहिलं. पत्र पाठवतानाच लहान फाइल पाठवावी, समोरच्यावर सोडू नये.

पुढचं काम त्यांचं होतं, पण आम्ही फोनवर बसून केलं, कारण एक धोका माहीत होता. भारताच्या व्हिसासाठी सर्च केलं की सरकारी वाटणारी अनेक खासगी संकेतस्थळं वर येतात, त्यांच्या पानांवर अशोकस्तंभही असतो, आणि ती फीवर स्वतःचे पैसे लावतात. त्यांनी 5 फेब्रुवारीला अशाच एका ठिकाणी अर्धा फॉर्म भरला होता. कार्डाचा नंबर टाकायच्या आधी आम्हाला स्क्रीनशॉट पाठवला म्हणून वाचलं. खरं संकेतस्थळ एकच, indianvisaonline.gov.in, आणि शेवट `.gov.in` असाच हवा. तेव्हापासून निमंत्रणाच्या मेलमध्येच हा पत्ता आम्ही टाकतो.

9 फेब्रुवारी, सोमवार, दुपारी साडेतीनला (त्यांच्याकडे एक वाजता) अर्ज भरायला घेतला. पहिलं पान भरलं की एक तात्पुरता अर्ज क्रमांक मिळतो, तो लगेच लिहून घ्यावा, मध्येच नेट गेलं तर त्याच्यावरून पुढे जाता येतं. प्रश्न अपेक्षेपेक्षा जास्त आहेत: आईवडिलांची नावं आणि जन्मगाव, धर्म, शिक्षण, अंगावरची खूण, मागच्या दहा वर्षांत पाहिलेले देश, सार्क देशांत गेल्या तीन वर्षांतल्या भेटी. ते ऑफिसात बसले होते आणि वडिलांचं जन्मगाव कसं लिहायचं हे विचारायला घरी फोन करावा लागला. ही माहिती आधीच कागदावर काढून ठेवायला सांगावी. येण्याचा विमानतळ यादीतून निवडावा लागतो. बडोद्याला येणाऱ्याने अहमदाबाद किंवा मुंबई निवडावं. दुबईमार्गे अहमदाबाद हे त्यांना सोयीचं होतं. कंपनीच्या रकान्यांत त्यांची कंपनी आणि आमची कंपनी दोन्हींचं नाव, पत्ता, फोन आणि संकेतस्थळ लागतं. आम्ही पत्र समोर ठेवून शब्दशः वाचून दाखवत होतो आणि ते टाइप करत होते. दीड तास गेला.

फोटो चौकोनी लागतो, उंची आणि रुंदी सारखी, पांढरी किंवा फिकट पार्श्वभूमी. जेपीईजी फाइल 10 केबी ते 1 एमबी. त्यांनी पासपोर्ट साइजचा उभा फोटो चढवला आणि तो दाबला जाऊन चेहरा रुंद झाला. पाहताना हसू आलं, तरी पुढे गेले. व्हिजिटिंग कार्डाचाही पीडीएफ जोडला. त्यावर दोन शब्दांचं नाव आहे, ते चाललं.

फी देशागणिक वेगळी असते, ती कार्डाने भरायची, वर बँकेचा आकार. व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. त्यांचं कार्ड पहिल्यांदा नाकारलं गेलं. लगेच पुन्हा प्रयत्न करायचा नाही, पैसे कापले गेलेत की नाही ते कळायला तास-दोन तास लागतात, आणि तीन प्रयत्न फसले की तो अर्ज अडकतो, नवीन भरावा लागतो. त्यांनी बँकेला फोन करून आंतरराष्ट्रीय व्यवहार उघडून घेतला आणि संध्याकाळी दुसऱ्या प्रयत्नात पैसे गेले.

10 तारीख गेली. 11 ला मेल आला तो मंजुरीचा नव्हता, फोटो पुन्हा चढवा असा होता. दाबलेला चेहरा नडला. त्यांनी फोनवरच चौकोनी फोटो काढून त्याच संकेतस्थळावर पुन्हा चढवला. नवीन अर्ज किंवा नवीन फी लागली नाही. पण तो मेल त्यांच्या स्पॅममध्ये गेला होता, आमच्या सांगण्यावरून रोज स्टेटस बघत होते म्हणून कळलं. 13 ला, शुक्रवारी सकाळी, स्टेटसपुढे `GRANTED` दिसलं. त्या चार दिवसांत आमच्या ऑफिसात कोणी ना कोणी दर दोन तासांनी 'आलं का?' विचारत होतं. हा कागद म्हणजे ईटीए, प्रवासाची परवानगी. प्रत्यक्ष व्हिसाचा शिक्का भारतात उतरल्यावर पासपोर्टवर बसतो. म्हणून ईटीएची छापील प्रत सोबत लागते.

व्हिसा मिळाला की सगळं झालं असं वाटतं, पण केनियाहून येणाऱ्यासाठी एक कागद अजून असतो, तो म्हणजे यलो फीव्हरच्या लशीचं पिवळं कार्ड. केनिया हा त्या तापाचा धोका असलेला देश मानला जातो, आणि तिथून सहा दिवसांच्या आत भारतात आलेल्या माणसाकडे वैध प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावरचे आरोग्य अधिकारी त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. दुबईमार्गे आलं तरी यातून सुटका नाही. म्हणजे आमची चार दिवसांची भेट तिथेच संपली असती. लस घेतल्यावर प्रमाणपत्र दहा दिवसांनी वैध होतं. हे 13 तारखेला लक्षात आलं, आणि 22 ला उतरायचं होतं. नऊ दिवस! सुदैवाने त्यांच्याकडे 2013 चं कार्ड होतं. पण त्यावर हाताने लिहिलं होतं, '2023 पर्यंत वैध'. ते घाबरले, आम्हीही. मग कळलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमांत 11 जुलै 2016 पासून बदल झाला आहे. एकदा घेतलेली लस जन्मभर धरतात, आणि आधी दिलेल्या कार्डांनाही ते लागू आहे. त्यांनी तरी नियमाची छापील प्रत कार्डाला टाचून घेतली, आणि नैरोबीच्या काउंटरवर ती दाखवावी लागली. हा प्रश्न पत्राच्या मसुद्याबरोबरच विचारायला हवा होता, ही आमची चूक. आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या कोणालाही बोलावत असाल तर पहिल्या मेलमध्येच विचारा.

राहण्याचं काय? दांडिया बाजारात आमचं वडिलोपार्जित घर रिकामं आहे, तिथेच ठेवू असा साहेबांचा आग्रह होता. पण परदेशी पाहुणा उतरला की त्याची माहिती 24 तासांच्या आत परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या एफआरआरओ कार्यालयाच्या ऑनलाइन व्यवस्थेत द्यावी लागते, ज्याला सगळे 'फॉर्म सी' म्हणतात, आणि हे घरमालकालाही लागू आहे. त्यासाठी आधी घराची नोंदणी करावी लागते. हॉटेल हे रोजच करतं. म्हणून अलकापुरीत पाच रात्री, रात्रीचे 4,200 रुपये, म्हणजे 21,000. बुकिंग करताना 'परदेशी पाहुणे उतरवता ना?' हे विचारून घ्यावं, कारण छोटी हॉटेलं टाळतात. बुकिंग पासपोर्टवरच्या नावाने.

20 तारखेला त्यांनी ई-अरायव्हल कार्ड भरलं. हे विमान उतरण्याच्या आधीच्या 72 तासांत ऑनलाइन भरायचं असतं आणि त्याला पैसे लागत नाहीत. 1 ऑक्टोबर 2025 पासून हे सुरू झालं. त्यात भारतातला पत्ता म्हणून हॉटेलचा पत्ता दिला.

रविवारी, 22 ला, संध्याकाळी ते अहमदाबादला उतरले. ई-व्हिसाच्या रांगेत बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. अधिकाऱ्याने दोन प्रश्न विचारले, कुठे जाणार आणि कोणाला भेटणार. त्यांनी पत्राची प्रत पुढे केली, आमच्या कंपनीचं नाव वाचलं, शिक्का बसला. बाहेर यायला पाऊण तास लागला. आम्हाला फोन आला नाही, पण पत्रात ज्याचा नंबर दिला होता तो माणूस फोन हातात धरून बसला होता. एक्सप्रेसवेने बडोद्याला पोचायला अडीच तास, गाडीचे 3,400 रुपये टोलसह.

सोमवारपासून चाचणी. पीएन 16 चे व्हॉल्व म्हणजे कामाचा दाब 16 बार. बॉडीची चाचणी दीडपट, म्हणजे 24 बारवर, आणि सीटची 1.1 पट, म्हणजे 17.6 बारवर. 600 पैकी त्यांनी स्वतः बोट ठेवून 40 निवडले. ते बेंचजवळ घड्याळ घेऊन उभे राहत आणि व्हॉल्वला हात आमचाच माणूस लावत होता. एकदा ते पाना घ्यायला पुढे झाले तेव्हा साहेब हसून म्हणाले, "तुम्ही पाहुणे, पत्रात 'तपासणी पाहण्यासाठी' लिहिलंय." दोन व्हॉल्वच्या सीटमधून थेंब आले, ते बाजूला काढून त्या बॅचमधले आणखी दहा तपासले, त्यांनी दाब धरला. त्याची नोंद दोघांच्या सह्यांनी झाली. गुरुवारी अटी ठरल्या.

27 ला ते परत गेले. त्यांचा व्हिसा पुढच्या फेब्रुवारीपर्यंत चालतो, त्यामुळे त्यांना पुन्हा यायला नवीन पत्र लागणार नाही. मात्र जूनमध्ये त्यांच्या दुसऱ्या संचालक बाई यायच्या म्हणतात. त्यांना पाठवायच्या मेलचा मसुदा तयार आहे, आणि त्यात पासपोर्टच्या स्कॅनच्याही आधी पिवळ्या कार्डाचा फोटो मागितला आहे. 'बरोडा' छापलेल्या लेटरहेडचे दोन गठ्ठे अजून कपाटात पडून आहेत. अकाउंटवाले काका म्हणतात, स्थानिक चलनांना वापरून टाकू.